स्क्रीन कोणती, ते इथून दिसत नाही

'डार्क मोड लावला तर बॅटरी जास्त टिकेल का?' मोबाइलच्या ग्राहक सेवेकडे हा प्रश्न नेहमी येतो. साधा दिसतो, पण त्याचं खरं उत्तर फोनच्या स्क्रीनवर ठरतं, आणि उत्तर देणाऱ्याला ती स्क्रीन दिसत नसते.

एलसीडी स्क्रीनच्या मागे दिवे असतात. चित्र काळं असो वा पांढरं, ते दिवे जळतच राहतात, त्यामुळे डार्क मोडने जवळजवळ काही वाचत नाही. ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा विझतो. तिथे बचत होते, पण तीही प्रकाश किती ठेवला आहे त्यावर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये ओएलईडी फोनवर मोजून पाहिलं. प्रकाश पूर्ण असताना डार्क मोडने सरासरी 39 ते 47 टक्के वीज वाचली. प्रकाश 30 ते 50 टक्क्यांवर असताना बचत जेमतेम 3 ते 9 टक्के निघाली.

कंपनीच्या नावावरून स्क्रीन ओळखता येत नाही. 2018 मध्ये अ‍ॅपलने आयफोन एक्सएस आणि एक्सआर असे दोन्ही फोन आणले. पहिला ओएलईडी, दुसरा एलसीडी. सॅमसंगनेही दोन्ही प्रकारचे फोन विकले आहेत.

आता समजा, मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे, 'माझा सॅमसंगचा फोन आहे, डार्क मोड लावू का?' अशा वेळी दोन प्रकारची उत्तरं हमखास जातात. एक म्हणजे 'आपल्या उपकरणाच्या डिस्प्लेविषयीची माहिती उपलब्ध नसल्याने नेमके मार्गदर्शन करणे शक्य नाही.' यात खोटं काही नाही, पण बाईंच्या हाती काहीच पडत नाही. दुसरं म्हणजे 'हो, जरूर लावा, बॅटरी वाचेल.' हे ऐकायला गोड आहे. पण फोन एलसीडी निघाला तर आठवड्याभरात त्यांना कळेल की काही फरक पडला नाही, आणि पुढचा सल्ला त्या ऐकणार नाहीत. मला हे दुसरं उत्तर जास्त वाईट वाटतं.

मी लिहिलं असतं ते असं: 'ताई, बॅटरी वाचवायची तर आधी स्क्रीनचा प्रकाश कमी करा, त्याचा फायदा कुठल्याही फोनवर होतो. डार्क मोडचं मात्र तुमच्या स्क्रीनवर आहे, आणि ती कोणती ते मला इथून दिसत नाही. रात्री खोलीतला दिवा मालवा, यूट्यूबवर पूर्ण काळा व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर लावा आणि प्रकाश वाढवा. काळ्या भागातून करडा उजेड येत असेल तर स्क्रीन एलसीडी आहे, डार्क मोडने बॅटरी वाचणार नाही. तो भाग अंधारात पार मिसळून गेला तर ओएलईडी आहे, लावा.'

इथे माहीत नसल्याची कबुली एकाच वाक्यात आहे, आणि ती उपयोगी सल्ल्याच्या नंतर येते. 'कदाचित', 'शक्यतो' असे शब्द प्रत्येक वाक्यात पेरले की अख्खं उत्तरच डळमळीत वाटतं, मग नेमकं काय माहीत नाही ते वाचणाऱ्याला कळत नाही. 'मला इथून दिसत नाही' म्हटलं की अडचण कुठे आहे ते लगेच समजतं. 'आपण मॉडेल कळवले नाही' म्हटलं की दोष बाईंवर जातो. 'तुमचं पॅनल कोणतं?' असं उलट विचारणंही बरं नाही. ते त्यांना माहीत असतं तर हा प्रश्नच आला नसता.

ही चाचणी दिवसा करू नये. उजेडात एलसीडीही काळीच दिसते. शिवाय व्हिडिओवर बटणं किंवा वेळेची पट्टी दिसत असेल तर तिचा उजेड नजर फसवतो, म्हणून ती नाहीशी होईपर्यंत थांबायला सांगावं. तरीही नक्की कळलं नाही, तर फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशिलात मॉडेलसमोर 'एलसीडी' किंवा 'अमोलेड' लिहिलेलं सापडतं. अमोलेड हा ओएलईडीचाच प्रकार.

बाईंनी 'करडा उजेड दिसला' असं कळवलं की पुढच्या उत्तरात अनिश्चिततेचा उल्लेखही नको. 'मग तुमची स्क्रीन एलसीडी आहे. रात्री वाचताना डोळ्यांना बरं वाटत असेल तर डार्क मोड ठेवा, बॅटरीसाठी ठेवू नका,' एवढं सरळ लिहावं.