गुरुवारचा बंद भाव आणि सोमवारची सकाळ

१३ एप्रिल २०२३, गुरुवार. साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा मुंबई शेअर बाजारात इन्फोसिसचा बंद भाव होता १,३८८ रुपये ६० पैसे. त्यानंतर कंपनीने तिमाही निकाल जाहीर केले. नफा ६,१२८ कोटी रुपये, पण नव्या आर्थिक वर्षातल्या उत्पन्नवाढीचा अंदाज फक्त ४ ते ७ टक्के. बाजाराला याहून जास्त हवं होतं. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. बातमी गुरुवारी आली आणि तिच्यावर इथे सौदा करायची पहिली संधी मिळणार होती सोमवारी सकाळी. न्यूयॉर्कमध्ये मात्र कंपनीच्या रोख्यांचे व्यवहार चालूच होते आणि तिथला भाव पडत होता. इथला भागधारक तो फोनवर नुसता बघत बसला.

सोमवारी, १७ एप्रिलला, शेअर जवळजवळ १० टक्के खाली उघडला. दिवसभरात तो १,१८५ रुपये ३० पैशांपर्यंत घसरला आणि १,२५८ रुपये १० पैशांवर बंद झाला. १,३८८ आणि साधारण १,२५० या दोन भावांच्या मधल्या पायऱ्या त्या सकाळी कोणी उतरलंच नाही. शेअर वरच्या मजल्यावरून थेट खालच्या मजल्यावर दिसला. बाजारात याला ‘गॅप डाउन’ म्हणतात.

आता समजा, एका काकांकडे इन्फोसिसचे १०० शेअर आहेत, १,४२० च्या भावाने घेतलेले. काका दिवसभर स्क्रीनपुढे बसत नाहीत. संध्याकाळी जेवणाआधी बंद भाव बघायचा, चार्टवर नजर टाकायची आणि उद्याची ऑर्डर टाकून मोकळं व्हायचं, ही त्यांची पद्धत. १,३८० च्या खाली गेला तर विकायचा, हे त्यांनी ठरवलंय. म्हणजे तोटा शेअरमागे ४० रुपये, एकूण ४,००० रुपये. हिशेब चोख आहे. पण तो ज्या ऑर्डरवर सोडायचा ती नक्की काय करते, हे काकांना माहीत असायला हवं.

लिमिट ऑर्डर सर्वांत साधी. ‘या भावाला किंवा यापेक्षा चांगल्या भावाला’, एवढंच ती सांगते. विकणाऱ्यासाठी चांगला म्हणजे वरचा. काकांनी गुरुवारी रात्री १,३८० ची विक्रीची लिमिट टाकली असती, तर सोमवारी १,२५० ला उघडलेल्या बाजारात ती नुसती लटकत राहिली असती. इतक्या वरच्या भावाला घ्यायला कोण येणार? १,३८० पुन्हा दिसायला जुलै उजाडला. तोटा थांबवायला लिमिट ऑर्डर वापरणारे लोक भेटतात, म्हणून हे सांगितलं. ते तिचं काम नव्हे.

त्यासाठी स्टॉप ऑर्डर असते. आपल्याकडे तिला स्टॉप-लॉस किंवा नुसतं ‘एसएल’ म्हणतात. तिला एक ट्रिगर भाव द्यावा लागतो. शेवटचा सौदा त्या भावाला किंवा त्याखाली झाला की निजलेली ऑर्डर जागी होते. पुढे ती कोणत्या रूपात बाजारात जाते, यावर सगळं अवलंबून आहे. मार्केट ऑर्डर होऊन गेली, तर समोर जो भाव असेल त्याला माल विकला जातो. हिला एसएल-एम म्हणतात. लिमिट ऑर्डर होऊन गेली, तर ती स्टॉप-लिमिट. अशा वेळी ट्रिगरबरोबर दुसरा भावही आधीच सांगून ठेवावा लागतो: ट्रिगर १,३८०, लिमिट १,३७५. म्हणजे १,३८० ला जागी हो, पण १,३७५ च्या खाली विकू नकोस.

सोमवारची सकाळ या दोघींवर कशी उलटली असती ते बघू. नऊ वाजता प्री-ओपन सुरू होतं. पहिली काही मिनिटं नुसत्या ऑर्डरी गोळा होतात, मग ज्या भावाला सर्वांत जास्त माल हातोहात जाईल तो एकच भाव काढून सौदे लावले जातात. या सत्रात स्टॉप ऑर्डर घेतलीच जात नाही. काकांची एसएल सव्वानऊपर्यंत दाराबाहेर थांबते. आत येते तेव्हा शेवटचा भाव ट्रिगरच्या १३० रुपये खाली गेलेला असतो. एसएल-एम असेल तर ती लगेच पेटते आणि १०० शेअर १,२५० च्या आसपास जातात. विक्री झाली, पण ठरलेल्या ४,००० ऐवजी तोटा साधारण १७,००० चा. काहींच्या बाबतीत ही ऑर्डर ब्रोकरची यंत्रणाच परत पाठवते, कारण विक्रीचा ट्रिगर चालू भावाच्या वर कसा, असा तिचा आक्षेप असतो. मग काका विकल्याच्या समजुतीत ऑफिसला जातात.

स्टॉप-लिमिट असेल तर तीही सव्वानऊला जागी होते, आणि १,३७५ ला विकायची ऑर्डर होऊन १,२५० च्या बाजारात उभी राहते. तिच्या हातून काही होत नाही. संरक्षण हवं होतं त्याच क्षणी ते नाहीसं झालं, आणि शेअर १,१८५ पर्यंत गेला तरी काकांकडे १०० च्या १०० शेअर शिल्लक. या ऑर्डरची गंमत अशी की साध्या दिवशी ती एसएल-एमपेक्षा शहाणी वाटते. दोन-तीन रुपयांची घसट वाचते, आणि एखादा वेडावाकडा सौदा झाला तर आपला माल मातीमोल भावात जात नाही. अशाच भलत्या भावांच्या सौद्यांना आळा घालायला बीएसईने ऑक्टोबर २०२३ पासून एसएल-एम बंद केली. तिथे आता स्टॉप म्हणजे स्टॉप-लिमिटच.

अनेकांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट. बाजारातली एसएल त्या दिवसापुरतीच असते. संध्याकाळी रद्द होते आणि रोज नव्याने टाकावी लागते. म्हणून लोक ब्रोकरची ‘जीटीटी’ वापरतात. ती महिनोन्महिने टिकते, पण बसलेली असते ब्रोकरच्या संगणकात. ट्रिगर आला की ती सहसा बाजारात लिमिट ऑर्डर पाठवते. म्हणजे जीटीटी लावून निश्चिंत झालेल्या माणसाकडेही प्रत्यक्षात स्टॉप-लिमिटच असते. सकाळी ऑर्डर-बुक उघडून बघितलं की खरी स्थिती कळते. ‘ट्रिगर पेंडिंग’ म्हणजे अजून निजलेली, ‘ओपन’ म्हणजे जागी झाली पण विकली गेली नाही, ‘रिजेक्टेड’ म्हणजे आत गेलीच नाही. गॅपच्या दिवशी स्टॉपपुढे ‘ओपन’ दिसलं, तर ते धोक्याचं चिन्ह आहे. ट्रिगर आणि लिमिटमधलं अंतर पाच रुपयांऐवजी पन्नास ठेवलं तरी त्या सोमवारी उपयोग झाला नसता. दीडशे ठेवलं असतं तर झाला असता, पण मग ती जवळजवळ एसएल-एमच झाली.

काका म्हणतील, मी बंद भावावर निर्णय घेतो, मग बंद होतानाच का विकू नये? प्रश्न रास्त आहे, पण अडचण बंद भावातच आहे. आपल्याकडे अनेक वर्षे चालत आलेल्या रीतीने बंद भाव म्हणजे तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, मालाच्या प्रमाणात काढलेली सरासरी. शेवटचा सौदा १,३७८ ला झाला असला तरी बंद भाव १,३८२ निघू शकतो. ‘१,३८० च्या खाली बंद झाला का’ याचं पक्कं उत्तर बाजार बंद झाल्यावरच मिळतं. तीन चाळीस ते चार या वेळात बंद भावालाच सौदे करायचं छोटं सत्र असे, पण तिथे समोर घेणारा हवा, आणि वर्दळ तुरळक. ‘बंद भाव खाली आला तरच वीक’ अशी ऑर्डर बाजारात नाही. एसएल पाहते ती प्रत्येक सौद्याकडे. सकाळी अकराला भाव क्षणभर १,३७९ ला टेकून परत १,३९५ ला गेला, तरी ती विकून मोकळी होते. ही झुळूक टाळायची म्हणून लोक बंद भावाची वाट बघतात, आणि त्या बदल्यात एक रात्र पत्करतात. कधी चार रात्री.

गॅप सगळ्यांच्याच विरुद्ध जातो असं नाही. त्याच गुरुवारी कोणी ‘१,३४० ला मिळाला तर घेऊ’ म्हणून खरेदीची लिमिट टाकली असेल, तर त्याला सोमवारी शेअर १,२५० च्या आसपास मिळाला, मागितल्यापेक्षा ९० रुपये स्वस्त. लिमिट ऑर्डर इथे शब्दाला जागली. पण तिला बातमी माहीत नव्हती. १,३४० ला घेणं शहाणपणाचं, हा विचार निकालाआधीचा होता आणि खरेदी निकालानंतरची झाली. खालच्या भावाच्या लिमिट अशाच दिवशी भरतात, हे माझं आवडतं दुखणं आहे.

मार्केट ऑर्डरही हरते असे दिवस येतात. १८ मे २००९, लोकसभेच्या निकालानंतरचा सोमवार. शुक्रवारी सेन्सेक्स १२,१७३ वर होता. सोमवारी उघडताच वरचं सर्किट लागलं, दोन तासांनी बाजार सुरू झाला तर लगेच पुन्हा लागलं, आणि दिवसाचं कामकाज संपलं. निर्देशांक २,११० अंशांनी वर, प्रत्यक्ष सौद्यांचा वेळ मिनिटभराचा. आधी शॉर्ट केलेल्यांचे खरेदीचे स्टॉप जागे झाले असतील, पण विकणारा कुठे होता? ५ टक्क्यांची मर्यादा असलेल्या छोट्या शेअरमध्ये हेच उलट्या दिशेने घडतं. भाव खालच्या सर्किटला चिकटतो, विकणाऱ्यांची रांग लागते आणि त्या भावाला ज्याची ऑर्डर आधी, त्याचा नंबर आधी. सव्वानऊला आत येणारी एसएल रांगेच्या शेवटी.

म्हणून काकांनी ट्रिगरचा आकडा घोटत बसण्यापेक्षा शेअरची संख्या बघायला हवी होती. निकालाची तारीख कंपनी आधी कळवते. ती गुपित नसते. निकालाच्या रात्री १० टक्क्यांचा गॅप येईल असं धरलं, तर १,४२० ला घेतलेला शेअर १,२५० ला विकावा लागेल, म्हणजे शेअरमागे १७० रुपये. काकांना ६,००० पर्यंतचा तोटा सोसवत असेल, तर त्या रात्री ३५ शेअर ठेवायचे आणि उरलेले ६५ साडेतीनच्या आत विकायचे. आणि सोमवारी विकायचंच ठरलं असेल, तर सव्वानऊच्या एसएलवर न विसंबता नऊलाच प्री-ओपनमध्ये साधी मार्केट ऑर्डर टाकायची. भाव वाईटच मिळेल, पण तो सगळ्यांना मिळणारा एकच भाव असेल आणि ऑर्डर दाराबाहेर ताटकळणार नाही.

त्याच वर्षी २० जुलैला, पुन्हा गुरुवारीच, इन्फोसिसने वाढीचा अंदाज १ ते ३.५ टक्क्यांवर आणला. या वेळी मध्ये सुट्टी नव्हती. शुक्रवारी शेअर सुमारे ८ टक्के पडला.