परदेशातून येताना बॅगेतल्या सामानावर कस्टम ड्युटी किती? ३८.५ टक्क्यांचं गणित समजून घ्या

दिवाळीच्या सुट्टीत दुबई, सिंगापूर किंवा बँकॉकहून परतताना फोन, परफ्युम, चॉकलेट अशी खरेदी ठरलेलीच. मग विमानतळावर प्रश्न पडतो की यातलं किती सामान फुकट आणता येतं आणि वरच्या सामानावर नेमके किती पैसे भरायचे? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू असलेल्या ‘बॅगेज रूल्स २०१६’नुसार तेव्हा याचं उत्तर काय होतं, ते पाहूया.

फुकट किती?

नेपाळ, भूतान आणि म्यानमार सोडून इतर देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर ड्युटी लागत नव्हती. वापरलेले कपडे आणि रोजच्या गरजेचं वैयक्तिक सामान या हिशेबात धरलं जात नाही. १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉपही वेगळा माफ आहे.

वरच्या रकमेवर दर कोणता?

एरवी आयातीत प्रत्येक वस्तूचा दर वेगळा असतो. प्रवाशाच्या सामानाला मात्र सरसकट एकच दर आहे. मूळ ड्युटी ३५ टक्के आणि त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी ३.५ टक्के. एकूण ३८.५ टक्के. त्यावर वेगळा जीएसटी लागत नाही. हा दर सगळ्या किमतीवर नाही, तर तेव्हा ५०,००० च्या वरच्या रकमेवर लागत होता.

उदाहरणाने पाहू

समजा, नोव्हेंबर २०२५ मध्ये एक जोडपं दुबईहून मुंबईला उतरलं. नवऱ्याच्या बॅगेत ९५,००० रुपयांचा नवा फोन आणि १३,००० रुपयांचे परफ्युम, चॉकलेट आहेत. एकूण १,०८,००० रुपये. ५०,००० वजा केले की उरतात ५८,०००. त्याचे ३५ टक्के म्हणजे २०,३०० रुपये, अधिभार २,०३० रुपये. भरायचे एकूण २२,३३० रुपये.

बायकोच्या बॅगेत फक्त २०,००० रुपयांची खरेदी आहे. म्हणजे तिच्या सवलतीतले ३०,००० रुपये शिल्लक आहेत. अनेकांना वाटतं, दोघांची मिळून एक लाखाची सवलत घेता येईल. तसा हिशेब केला तर ड्युटी १०,७८० रुपयेच येते. पण नियम स्पष्ट आहे: एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. या एका गैरसमजामुळे तेव्हा काउंटरवर ११,५५० रुपये जास्त मोजावे लागले असते.

टीव्हीचा हिशेब वेगळा

सर्वांत जास्त फसगत होते ती टीव्हीबाबत. एलसीडी, एलईडी किंवा प्लाझ्मा टीव्हीला ही सवलत लागूच होत नाही. बॅगेत दुसरं काहीही नसलं, तरी पहिल्या रुपयापासून ड्युटी लागते. ४०,००० रुपयांचा टीव्ही आणला तर १५,४०० रुपये भरावे लागतील. म्हणजे तो घरी येईपर्यंत ५५,४०० रुपयांना पडतो. तिथे स्वस्त वाटणारा टीव्ही घेण्याआधी त्याच मॉडेलची भारतातली किंमत एकदा बघा.

दागिन्यांव्यतिरिक्त इतर रूपातलं सोनं-चांदी, दोन लिटरवरची दारू आणि १०० वरच्या सिगारेटी यांनाही ही सवलत नाही. यांचे दर वेगळे आहेत, त्यामुळे ३८.५ टक्क्यांचं गणित त्यांना लावू नका.

रेड की ग्रीन?

सवलतीपेक्षा जास्त सामान किंवा टीव्ही असेल तर रेड चॅनेलने जायचं आणि सामान जाहीर करायचं. ‘अतिथी’ ॲपवरून हे विमानात बसण्याआधीच करता येतं. खरेदीची बिलं हाताशी ठेवा. बिल नसेल तर वस्तूची किंमत अधिकारी ठरवतात.

ड्युटी लागू असलेलं सामान घेऊन ग्रीन चॅनेलमधून गेलात आणि पकडले गेलात, तर प्रश्न फक्त ३८.५ टक्क्यांचा राहत नाही. सामान जप्त होऊ शकतं. ते सोडवायला वेगळी रक्कम आणि वर दंडही भरावा लागू शकतो.

जाताना हे करा

महागडा कॅमेरा किंवा दागिने भारतातून सोबत नेत असाल, तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टम काउंटरवरून ‘एक्स्पोर्ट सर्टिफिकेट’ घ्या. त्यात वस्तूचं वर्णन नोंदवलेलं असतं. परतताना ‘हे तिथे घेतलं का?’ असं विचारलं, तर वस्तू आधीपासून तुमचीच होती हे दाखवायला तोच कागद कामी येतो.