घर सोडताना: घरमालकाला पत्र आणि सोबतची यादी

फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची आणि सरकारी क्वार्टर सोडताना 'मार्चिंग आउट' व्हायचं. एमईएसचा माणूस यादी घेऊन यायचा. पंखे किती, नळ किती, कुठली काच तडकली, सगळं तपासायचा. जे नाही किंवा मोडलं, त्याचे पैसे पगारातून कापले जायचे. ती यादी तेव्हा कटकट वाटायची. भाड्याच्या घरात मात्र ती कोणी करत नाही, आणि मग अनामत रकमेवरून भांडण होतं.

माझ्या भाच्याचंच उदाहरण घ्या. बंगळुरूमध्ये तो तीन वर्षं दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहिला. भाडं २४,००० आणि अनामत १,२०,०००. घर सोडतो म्हटल्यावर मालकांनी फोनवरच सांगितलं की रंगाचे २४,०००, नव्या गीझरचे ९,००० आणि कपाटाच्या आरशाचे ४,५०० कापणार. भाचा चिडला. मी म्हटलं, "चिडू नकोस, आधी करारनामा काढ."

करारात लिहिलं होतं की घर सोडताना रंगापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल. म्हणजे तिथे वाद संपला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १०८ म्हणतं की भाडेकरूनं घर घेतलं तशा स्थितीत परत द्यावं, मात्र नेहमीच्या वापराची झीज त्यातून वगळली आहे. पण करारात वेगळं काही ठरलं असेल, तर हे कलम तुमच्या मदतीला येत नाही. म्हणून पत्राला बसण्याआधी करार वाचायचा.

गीझरचं तसं नव्हतं. तो चालू होता, फक्त खालच्या बाजूला गंज होता. हा गंज पहिल्या दिवसापासून होता, पण प्रवेशाच्या वेळी यादीच केली नव्हती. मग पुरावा कुठला? राहायला आला त्याच दिवशी भाच्यानं मालकांना व्हॉट्सअॅपवर काही फोटो पाठवले होते. त्यात गीझर होता. तेच कामी आलं.

यादी खोलीवार केली. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी: संख्या, घेतानाची स्थिती, आजची स्थिती आणि शेरा. 'ठीक आहे' असं कुठेही लिहिलं नाही, कारण त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो निघतो. लिहिलं ते असं:

हॉल: पंखा १, चालू, दोनवर ठेवला की आवाज येतो. भिंतीत खिळ्यांची सहा भोकं, आम्ही पाडलेली.
स्वयंपाकघर: सिंकचा नळ १, गळत नाही, वॉशर आम्ही बदलला.
बाथरूम: गीझर १, पाणी तापतं, तळाला गंज. घेतानाही होता, फोटो क्रमांक ४.
बेडरूम: कपाटाचा आरसा, खालच्या कोपऱ्यात तडा, आमच्या हातून. काचवाल्याचा अंदाज १,८०० रुपये, सोबत जोडला आहे.
किल्ल्या: मुख्य दाराच्या तीन मिळाल्या, तिन्ही परत.
वीज मीटर: शेवटचा आकडा आणि भरलेलं बिल सोबत.

आरशाची ओळ पाहा. स्वतःचं नुकसान स्वतः लिहिलं की बाकीच्या ओळींवरही विश्वास बसतो. शिवाय रक्कम तुम्ही आधी मांडलीत तर बोलणी त्या आकड्यापासून सुरू होतात.

पत्र स्वतः छोटंच होतं. मालकांना कन्नड आणि इंग्रजी येत होतं, म्हणून इंग्रजीत लिहिलं. मजकूर साधारण असा:

"महोदय, करारानुसार मी ३१ तारखेला घर रिकामं करत आहे. घरातील वस्तूंची व त्यांच्या स्थितीची यादी, फोटो आणि अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. ३० तारखेला सकाळी सामान हलवल्यानंतर आपण येऊन यादी तपासावी. काही वेगळं आढळल्यास त्या ओळीसमोर लिहावं. दोघांनी दोन्ही प्रतींवर सही करावी. करारातील रंगाचे २४,००० आणि आरशाचे १,८०० वजा करून उरलेले ९४,२०० रुपये किल्ल्या परत करताना मिळावेत, ही विनंती."

हे पत्र आठ दिवस आधी ईमेलनं गेलं. तपासणी मात्र सामान गेल्यावरच ठेवली, कारण पलंगामागची ओल आणि कपाटामागचे डाग रिकाम्या घरातच दिसतात. आधी सही झाली आणि नंतर डाग निघाला, तर दोघांनाही फसल्यासारखं वाटतं.

मालक आले, गीझर लावून पाहिला, फोटो पाहिला, आणि ती मागणी सोडून दिली. रक्कम ९४,२०० च मिळाली. समजा ते आलेच नसते, तर? तर दोन शेजाऱ्यांसमोर प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढायचा, मीटरचा आकडा त्यात घ्यायचा आणि त्याच दिवशी ईमेलनं पाठवायचा. सहीइतकं बळ त्याला नाही, पण पुढे वाद झाला तर हातात काहीतरी राहतं.

आणि नव्या घरात शिराल तेव्हा हीच यादी पहिल्या दिवशी करा, पहिला खोका उघडायच्या आधी. भाच्यानं या वेळी तेच केलं. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.