नळ बंद होताच पाइप का आदळतो?

वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरून झालं की भिंतीतून ‘धाड्’ असा आवाज येतो. नळ नवा असो की जुना, दोष त्याचा नसतो. आवाज होतो तो धावतं पाणी एकदम अडवल्यामुळे. प्लंबर याला वॉटर हॅमर म्हणतात.

टाकीपासून मशीनपर्यंत अर्धा इंची जीआय पाइप 15 मीटर लांब आहे असं धरू. त्यात साधारण 3 लिटर, म्हणजे 3 किलो पाणी असतं. मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह क्षणार्धात मिटतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्याच्या वेगाचं रूपांतर दाबात होतं. ही दाबाची लाट लोखंडी पाइपमधून सेकंदाला जवळपास 1300 मीटर वेगाने मागे धावते आणि टाकीकडून उलटून पुन्हा येते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी 1898 च्या सुमारास याचं गणित मांडलं. त्यानुसार पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटरने एकदम तुटला, तर अशा पाइपमध्ये दाब सुमारे 13 किलोने वाढतो. 20 मीटर उंचावरच्या टाकीचा नेहमीचा दाब असतो जेमतेम 2 किलो! क्लॅम्प सैल असेल तर हादरलेला पाइप भिंतीवर आदळतो. रोजच्या हादऱ्यांनी सांधे गळू लागतात.

लाट परत यायला एका सेकंदाचा चाळिसावा भागसुद्धा लागत नाही. नळ त्याहून सावकाश मिटला की झटका कमी होतो. म्हणून आधी तोच नळ हळूहळू बंद करून पाहा. आवाज आला नाही, तर कारण वॉटर हॅमरच.

जुना उपाय म्हणजे एअर चेंबर. नळाजवळ टी लावून वर फूट-दीड फूट उभा पाइप चढवायचा आणि वरचं तोंड बंद करायचं. अडलेलं पाणी आतल्या हवेत शिरतं, हवा दबते आणि लाटेचा जोर तिथेच जिरतो. पण ही हवा हळूहळू पाण्यात विरघळते, चेंबर पाण्याने भरतो आणि आवाज पुन्हा सुरू होतो. तेव्हा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडायचा. पाइप पूर्ण रिकामा झाला की चेंबरमध्ये हवा शिरते. मग खालचा नळ बंद करून व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, वरच्या नळातून पाण्याची सलग धार आली की तोही बंद करायचा.

अरेस्टरमध्ये ही कटकट नाही. त्यात हवा आणि पाणी यांच्यामध्ये रबरी रिंगा असलेला पिस्टन असतो, त्यामुळे हवा विरघळत नाही. मात्र तो मशीनच्या व्हॉल्व्हला लागूनच बसवावा. लांब बसवला तर मधल्या पाइपला धक्का बसतोच. वर्षांनंतर रिंगा झिजल्या की तो बदलावा लागतो.

सैल क्लॅम्प आधी घट्ट करा. इमारत उंच असेल आणि खालच्या मजल्यावरचा दाब 5 किलोच्या वर असेल, तर दाब कमी करणारा व्हॉल्व्हही बसवून घ्या. एवढ्या दाबापुढे एकटा अरेस्टर पुरेसा ठरेलच असं नाही.