छापखान्याने धर्मसत्ता हलवली, पण नेमकी कोणती?

परवा सकाळी घरमालकीण काकूंनी जिन्यातूनच विचारलं, "अगं, संकष्टी कधी आहे बघ ना." मी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं आणि सांगितलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण दोनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नासाठी जोशीबुवांची वाट बघावी लागली असती, आणि हे उत्तर देणं हा त्यांच्या मानाचा नि मिळकतीचा भाग होता.

माध्यम-इतिहासाच्या पेपरचा माझा पहिला खर्डा "छापखान्यामुळे ब्राह्मणांची धर्मसत्ता मोडली" या वाक्याने सुरू झाला होता. गाईडनी शेजारी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: "कोणती सत्ता?" मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे मला ते लगेच टोचलं. आपण काय मोजतोय हेच मी सांगितलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

धर्मसत्तेचे निदान तीन भाग वेगळे करता येतात. एक, माहिती कोणाकडे आहे. दोन, वाद झाला तर निवाडा कोण देणार. तीन, विधी करण्याचा हक्क कोणाचा. छापील कागदाने हे तिन्ही हलवले, पण एकाच वेळी नाही आणि सारखेही नाहीत.

पहिला भाग, माहिती. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना 1810 च्या दशकात सुरू झाला आणि तिथून मराठी ख्रिस्ती पुस्तिका निघू लागल्या. त्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा शिळाछाप छापखाना काढला आणि 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं. शिळाछाप इथे महत्त्वाचा आहे. देवनागरीची जोडाक्षरं, काने-मात्रे धरून शेकडो खिळे ओतायचे म्हणजे मोठा खर्च. शिळाछापात लेखनिक तेलकट शाईने मजकूर लिहितो, तो दगडावर उतरतो आणि त्यावरून प्रती निघतात. खर्च कमी, शिवाय अक्षर हाताचंच, म्हणजे पान पोथीसारखं दिसतं.

पण शाईत चरबी असेल, या शंकेने सोवळी माणसं छापील कागदाला शिवायला तयार नव्हती. गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' (1863) या पुस्तकात हे नोंदवलंय. गणपत कृष्णाजींनी यावर तुपाची शाई केली. म्हणजे छपाईला विरोध होता तो फक्त विचारांचा नव्हता, वस्तूचाही होता, आणि तो वस्तू बदलूनच सोडवला गेला.

आता परिणाम बघा. पंचांग घरात आलं आणि तिथी सांगणाऱ्या गावजोशाचं महत्त्व कमी झालं. पण ते पंचांग गणित करून तयार कोण करत होतं? ज्योतिषीच. आता एकाच ज्योतिषाचं गणित शेकडो घरांत पोचू लागलं. सत्ता नाहीशी झाली नाही, ती थोड्या हातांत गोळा झाली.

दुसरा भाग, निवाडा. योगायोगाने हाही 1831 चाच. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांच्यात मुंबईत जाहीर वाद झाला. वाद तोंडी होता. पण नंतर मोरभट्टांनी 'हिंदुधर्मस्थापना' ही मराठी पुस्तिका छापली. विल्सननी 1832 मध्ये तिचं खंडन छापलं. मग साताऱ्याच्या नारायणरावांनी 'स्वदेशधर्माभिमानी' काढलं आणि 1834 मध्ये विल्सननी त्यालाही छापील उत्तर दिलं.

जुन्या पद्धतीत धर्माचा प्रश्न शास्त्र्यांच्या सभेपुढे जायचा, आधार संस्कृत ग्रंथांचे, आणि शेवटी निर्णयपत्र. इथे मोरभट्ट धर्माच्या बाजूनेच लढत होते, पण त्यासाठी त्यांना मराठीत, अनोळखी वाचकांसमोर जावं लागलं. वाचक कोणत्या जातीचा, त्याला अधिकार आहे का, हे पुस्तिका विचारत नाही. धर्माचं रक्षण करतानाच त्यांनी निवाड्याची खुर्ची वाचकाकडे सरकवली. युरोपात ल्यूथरच्या विरोधकांपुढेही हीच अडचण होती: लोकभाषेत उत्तर द्यावं तर प्रश्न लोकांचा होतो, न द्यावं तर मैदान मोकळं.

एक फरक मात्र विसरू नका. जर्मनीची गोष्ट सांगताना 'लोकभाषा' हा मोठा बदल मानतात. आपल्याकडे ज्ञानेश्वरीपासून धर्म मराठीत होताच. नवीन होती ती एकसारखी, स्वस्त प्रत, जी कीर्तनकाराशिवाय किंवा पुराणिकाशिवाय एकट्याने वाचता येते.

तिसरा भाग, विधीचा हक्क. जोतीराव फुल्यांची 'सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि' ही छोटी पुस्तिका 1887 ची. त्यात लग्नाची मंगलाष्टकं मराठीत आहेत, म्हणजे लग्न लावायला भटजी लागत नाही, पुस्तिका वाचणारा कोणीही चालतो. पण तारखांचा क्रम बघा. पुरोहिताशिवाय सत्यशोधक लग्नं 1873 पासूनच लागत होती. पुस्तिका चौदा वर्षांनी आली. तिने ही चाल सुरू केली नाही, चळवळीचा कार्यकर्ता जवळ नसतानाही ती करता येईल अशी केली. मी आधीच्या खर्ड्यात हे उलटं लिहिलं होतं, पुस्तिका कारण आणि लग्नं परिणाम.

आणि इथेच कागदाची मर्यादा दिसते. गावजोशाची दक्षिणा हा वतनी हक्क होता. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न जोशाला न बोलावता लावलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. न बोलावलेला जोशीही दक्षिणा मागू शकत होता! मंत्र पुस्तिकेतून मिळाले, पण वतन पुस्तिकेने जात नाही. त्यासाठी 1926 मध्ये मुंबई विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता पद्धतीबद्दल, कारण पेपरात इथेच घसरायला होतं. मिशनच्या अहवालांत छापलेल्या आणि वाटलेल्या प्रतींचे आकडे मिळतात. तो वाचनाचा पुरावा नाही. फुकट मिळालेला कागद वाण्याच्या पुडीलाही चालतो. उलट, निरक्षर घोळक्यात मोठ्याने वाचलेली एक प्रत वीस जणांपर्यंत पोचते. म्हणून मी प्रती मोजण्याऐवजी उत्तरं शोधते. विरोधकाने स्वतः खर्च करून खंडन छापलं असेल, तर मूळ पुस्तिकेची दखल घ्यावीच लागली होती. मोरभट्ट, विल्सन, नारायणराव, पुन्हा विल्सन ही साखळी म्हणून भक्कम पुरावा आहे.

दुसरं, 1818 मध्ये पेशवाई गेली. शास्त्र्यांच्या निर्णयामागचं सरकारी बळ तेव्हाच सुटलं होतं. त्यामुळे 1831 मध्ये दिसणारी घसरण सगळी छापखान्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

खर्ड्याचं पहिलं वाक्य आता असं आहे: "छापखान्याने माहितीची मक्तेदारी सैल केली, निवाडा वाचकांसमोर आणला, पण विधीचा हक्क कायद्यावाचून सुटला नाही." आधीच्यापेक्षा लांब आणि कमी दणदणीत. गाईडनी यावेळी शेजारी काही लिहिलेलं नाही, फक्त "वाचकांसमोर" या शब्दाखाली रेघ ओढलीय. म्हणजे पुढचा प्रश्न तयार आहे: कोणते वाचक?