दुसरा जोडला गेला की पहिल्याचा पडदा का जातो?

एका छोट्या कार्यालयाचं उदाहरण घेऊ. तिथे विंडोज ११ प्रो असलेला एक संगणक आहे. त्यावर `office` या खात्यातून एक कर्मचारी एक्सेलमध्ये पगारपत्रक भरते आहे. ती चहाला उठते. तेवढ्यात हिशेब पाहणारे गृहस्थ घरून ‘रिमोट डेस्कटॉप’ने त्याच संगणकाला जोडू पाहतात. त्यांचं खातं वेगळं आहे, `accounts` नावाचं. आत दुसरं कुणी आहे, पुढे गेलात तर त्या व्यक्तीची जोडणी तुटेल, अशी सूचना त्यांना मिळते आणि ते होकार देतात. इकडे कार्यालयातल्या पडद्यावरही विचारणा होते. समोर कुणी असतं तर नकार देता आला असता. पण अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही, तर विंडोज ती संमतीच धरतं. कर्मचारी परत येते तेव्हा पगारपत्रकाच्या जागी कुलूपबंद पडदा असतो.

आपल्याला ‘लॉगआउट’ केलं, काम गेलं, असं तिला वाटणं साहजिक आहे. पण काम गेलेलं नाही. एक्सेल अजून चालू आहे आणि न साठवलेले आकडेही मेमरीत जसेच्या तसे आहेत. तुटली आहे ती फक्त तिच्या कामाची पडदा, कीबोर्ड आणि माउसशी असलेली जोड.

हे समजायला ‘सेशन’ म्हणजे काय ते पाहावं लागतं. आपण पासवर्ड टाकून आत गेलो की विंडोज आपल्यासाठी एक सेशन उभं करतं. त्यात आपला डेस्कटॉप, आपल्या खिडक्या, आपला क्लिपबोर्ड आणि आपण उघडलेले प्रोग्रॅम असतात. प्रत्येक सेशनला क्रमांक असतो. शून्य क्रमांकाचं सेशन व्हिस्टापासून पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांसाठी राखीव आहे; माणसांची सेशन त्यापुढची. समोरचा मॉनिटर सेशनचा भाग नसतो, तो सेशनला जोडला जातो. तसंच दुरून आलेलं नेटवर्कही जोडलं जातं. आमच्या उदाहरणात घरून बसलेल्या गृहस्थांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये `query user` असं लिहिलं, तर साधारण असं दिसेल (वेळेचे रकाने गाळले आहेत):

```
USERNAME   SESSIONNAME   ID  STATE
office                   1   Disc
accounts   rdp-tcp#0     2   Active
```

पहिल्या ओळीतलं `Disc` म्हणजे सेशन जिवंत आहे, पण कशालाही जोडलेलं नाही. खरोखरच ‘साइन आउट’ झालं असतं, तर ती ओळ यादीत उरलीच नसती.

दोघं एकच खातं वापरत असतील तर मात्र दुसरं सेशन सहसा उभं राहत नाही. चालू असलेलंच सेशन मॉनिटरवरून सुटून नेटवर्कला जोडलं जातं. दूरच्या माणसाला तेच अर्धवट पगारपत्रक समोर दिसतं. समोरच्या व्यक्तीने पासवर्ड टाकला की सेशन परत मॉनिटरवर येतं आणि दूरचा माणूस बाहेर फेकला जातो. एकमेकांना असं ओढत बसलेले सहकारी पुष्कळ कार्यालयांत सापडतील.

मग दोघांची सेशन एकाच वेळी जोडलेली का राहू शकत नाहीत? यंत्राला ते जमत नाही असं नाही. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली, तेव्हापासून एका विंडोजवर अनेकांनी एकदम काम करण्याची सोय आहे. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन दूरस्थ सेशन चालतात. जास्त हवी असतील तर वेगळे परवाने घ्यावे लागतात. प्रो आवृत्तीत एका वेळी एकच माणूस, हा परवान्याचा नियम आहे. प्रणालीची फाइल बदलून तो मोडण्याच्या युक्त्या फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्या परवान्याचा भंग करतातच, शिवाय दूरवरून आत येण्याचं दार ज्या फाइलवर अवलंबून आहे, तिच्यातच अनोळखी माणसाचा बदल बसवतात.

तुटलेलं सेशन जिवंत राहतं, याचा त्रासही होतो. `office` च्या एक्सेलने पगारपत्रक धरून ठेवलेलं असतं, म्हणून `accounts` ने ती फाइल उघडली तर ती दुसऱ्याकडे उघडी असल्याचं कळतं आणि फक्त वाचता येते. दोन्ही सेशनचे प्रोग्रॅम मेमरी खातात. सर्वांत मोठा धोका म्हणजे कंटाळून संगणक ‘रीस्टार्ट’ करणं. दुसरं कुणी आत असल्याची सूचना येते, पण ती डावलली की न साठवलेले आकडे खरोखरच जातात.

दोघांना एकच पडदा एकत्र पाहायचा असेल, तर रिमोट डेस्कटॉप हे साधन त्यासाठी नाही. विंडोजमधलं ‘क्विक असिस्ट’ वापरावं. त्यात समोरच्याचंच सेशन दोघांना दिसतं आणि कुणी बाहेर पडत नाही.

रिमोट डेस्कटॉपच वापरायचं असेल, तर जोडण्याआधी समोरच्याला फोन करा आणि काम साठवायला सांगा. आपलं काम संपल्यावर खिडकीवरची फुली दाबून निघू नका, कारण त्याने सेशन नुसतं तुटतं. स्टार्ट मेनूतून ‘साइन आउट’ करा.