चासी कुणाची, बॉडी कुणाची



रविवारच्या भेटीत तुम्ही मोबाइलवर एक जाहिरात दाखवलीत: १९३३ची रोल्स-रॉईस २०/२५, उघडी टूरर, ‘मार्क’ मोठा, ‘कोचबिल्ट’ बॉडी, ‘कॉन्कूर’ दर्जाची अवस्था. हे तीन शब्द नीट समजल्याशिवाय विकणाऱ्याला फोन करू नका, असं मी तेव्हा म्हटलं होतं. गर्दीत सविस्तर बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

‘मार्क’ म्हणजे ज्या नावाने गाडी ओळखली जाते ते घराणं: रोल्स-रॉईस, बेंटली, ड्यूझेनबर्ग, मेबाख. हे नाव आणि कारखाना एकच असतील असं मात्र नाही. १९३१मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉईसने ती विकत घेतली. १९३३पासूनच्या बेंटली गाड्या रोल्स-रॉईसच्याच डर्बीच्या कारखान्यात बनू लागल्या आणि त्यांच्या इंजिनाचं मूळ तुमच्या जाहिरातीतल्या २०/२५च्या इंजिनात आहे. तरीही त्यांचं मार्क बेंटली. क्लबात कुणी ‘डर्बी बेंटली’ म्हणालं की तो याच काळाबद्दल बोलतोय असं समजा. १९३१च्या आधीची बेंटली ही वेगळ्या माणसांनी, वेगळ्या विचाराने केलेली गाडी आहे, आणि जाणकार या दोन्हींना कधीच एका रांगेत उभं करत नाहीत.

तेव्हा मार्कवरून कळतं ते इतकंच, की चासी कुणाची. त्या काळात रोल्स-रॉईसकडून गिऱ्हाईक घ्यायचं तेही एवढंच. लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, चाकं, स्टिअरिंग, पुढे रेडिएटर, आणि इंजिनाच्या मागची उभी पत्र्याची भिंत, म्हणजे बल्कहेड. सीट नाही, दार नाही, छप्पर नाही. ही चासी तिथून बॉडी बांधणाऱ्याकडे जायची. लंडनमध्ये हूपर, बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली, गर्नी नटिंग अशी नावाजलेली घरं होती. पूर्वी ती किंवा त्यांच्यासारखीच घरं घोड्यांच्या बग्ग्या बांधत. गिऱ्हाईक तिथे बसून ठरवायचं: दारं किती, टप कसा, मागे टोप्यांची पेटी हवी का, चामडं कोणत्या रंगाचं. अशा रीतीने एकेका गिऱ्हाइकासाठी, हाताने, चासीवर वेगळी बांधलेली बॉडी म्हणजे कोचबिल्ट.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या ओळखीच्या दरबारातलं आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी तिशीच्या दशकात ड्यूझेनबर्ग एसजे घेतली. चासी अमेरिकेत तयार झाली. इंजिन आठ सिलिंडरचं, सुमारे ६.९ लिटरचं, वर सुपरचार्जर; कंपनी त्याची ताकद ३२० अश्वशक्ती सांगत असे. ते इंजिनसुद्धा ड्यूझेनबर्गने घडवलं नव्हतं, ते लायकॉमिंग या कंपनीत बनायचं. मग ही चासी लंडनला गर्नी नटिंगकडे गेली आणि तिच्यावर लांबलचक नाकाची, दोन माणसांपुरती उघडी बॉडी चढली, भगव्या आणि काळ्या रंगात. ड्यूझेनबर्गच्या चासीवर सहसा अमेरिकी घरंच बॉडी बांधत, म्हणून ही गाडी आणखी विरळ. तिचं वर्णन जाणकार ‘ड्यूझेनबर्ग एसजे, बॉडी गर्नी नटिंग, मूळ मालक होळकर’ असं एका दमात करतात. नुसतं ‘ड्यूझेनबर्ग’ म्हटलं तर निम्मी गाडी सांगायची राहते.

आता ही बॉडी आतून कशी असते ते समजून घ्या, कारण तुमचे पैसे तिथेच बुडू शकतात. बाहेरून दिसतो तो पत्रा फक्त कातडी आहे. आत लाकडाचा पिंजरा असतो, इंग्लंडमध्ये बहुधा अ‍ॅश नावाच्या लाकडाचा, कारण ते चिवट असतं आणि धक्के सोसतं. त्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा बसवतात. पत्र्याला गोलाई देण्यासाठी कारागीर तो दोन रोलरांच्या मध्ये धरून तासन्‌तास पुढेमागे फिरवतो, मग कडा लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी ठोकतो. मुंबई-कोकणच्या हवेत पहिला बळी जातो तो या लाकडाचा. रंग चकचकीत राहतो आणि दाराच्या बिजागरीपाशी आतलं लाकूड भुसा झालेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. दार अर्धं उघडा, कडेला धरून हलकेच वर उचला. बिजागरीपाशी ते खालीवर हललं, किंवा बंद केल्यावर वरची फट बारीक आणि खालची रुंद दिसली, तर पिंजरा बसला आहे. दुरुस्तीसाठी पत्रा उतरवावा लागतो आणि तो उतरवला की खरा खर्च सुरू होतो.

सोबत लोहचुंबक न्या. दारांवर आणि मागच्या भागावर लावून पाहा. अ‍ॅल्युमिनिअमला तो चिकटणार नाही. चिकटला तर पत्रा नंतर बदललेला असण्याची शक्यता आहे. मडगार्डला चिकटला म्हणून घाबरू नका, मडगार्ड पुष्कळदा मुळातच लोखंडी असत. आणि चुंबक चिकटला नाही म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नका, कारण जाड पुट्टीवरही तो चिकटत नाही. म्हणून तिथेच बोटाने टकटक करून आवाज ऐका. पत्रा वाजतो, पुट्टी बद्द बोलते.

पण तुमच्या गाडीबाबत माझी खरी शंका वेगळी आहे. २०/२५ ही १९२९ ते १९३६ या काळात बनलेली, मालकाने स्वतः चालवावी अशी लहान रोल्स-रॉईस. तिच्यावर बहुतेक बंद सलून आणि लिमोझीन बॉड्या बांधल्या गेल्या. उघड्या टूरर थोड्याच. पुढे उघड्या गाडीला जास्त भाव येऊ लागला, तेव्हा कित्येकांनी लाकूड कुजलेली सलून बॉडी फेकून जुन्या चासीवर नवी टूरर बॉडी चढवली. अशी गाडी खोटी म्हणता येत नाही. चासी खरी, इंजिन खरं, चालवायला मजा तीच. पण ‘१९३३ची कोचबिल्ट टूरर’ या शब्दांना ती पात्र नाही, आणि किंमत तर त्या शब्दांचीच मागतात.

हे पडताळता येतं. बल्कहेडवरच्या पाटीवर चासीचा क्रमांक असतो, तीन अक्षरं आणि पुढे आकडा. तोच क्रमांक खाली सांगाड्यावर ठोकलेला आहे का ते पाहा. मग दाराच्या उंबऱ्यावर बॉडी बांधणाऱ्याची छोटी पाटी शोधा. पाटी नवी बनवून लावता येते, म्हणून तेवढ्यावर थांबू नका: अस्तर जरा सैल करून आतल्या लाकडावर त्या घराचा काम-क्रमांक ठोकलेला आहे का, हे मिस्त्रीला बघायला सांगा. शेवटी चासीचा क्रमांक इंग्लंडच्या रोल्स-रॉईस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे पाठवा. त्यांच्याकडे कंपनीच्या मूळ नोंदी जपलेल्या आहेत. ती चासी कुणासाठी होती आणि कोणत्या घरी, कोणत्या प्रकारच्या बॉडीसाठी गेली, हे तिथून कळू शकतं. नोंदीत ‘सलून’ निघालं आणि समोर टूरर उभी असेल, तर भावाची बोलणी नव्याने सुरू करायची.

राहिला तिसरा शब्द. कॉन्कूर, पूर्ण नाव कॉन्कूर देलेगान्स, म्हणजे गाड्यांच्या सौंदर्याची स्पर्धा. सुरुवातीला ती नव्या गाड्यांची होती. युरोपात बॉडी बांधणारी घरं आपलं नवं काम श्रीमंत गिऱ्हाइकांपुढे मिरवायला आणत. इटलीत लेक कोमोच्या काठी व्हिला देस्तेची स्पर्धा १९२९मध्ये अशीच सुरू झाली. कॅलिफोर्नियात पेबल बीचची स्पर्धा १९५०ची, आणि तिथेही पहिली काही वर्षं नव्या गाड्याच जिंकल्या. १९५५मध्ये १९३१च्या पिअर्स-अ‍ॅरोने सर्वोच्च मान मिळवला तेव्हा वारं फिरलं. तोवर कारखाने पुरी गाडी पोलादात स्वतःच बनवू लागले होते, बॉडीची घरं एकामागून एक मिटत होती, आणि स्पर्धा हळूहळू त्यांच्या जुन्या कामाची झाली.

मैदानावर परीक्षक काय पाहतात? जिथे गुणांवर निकाल असतो तिथे साधारणपणे गाडी शंभर गुणांनी सुरू होते आणि चुकीगणिक गुण वजा होतात. चमक हा त्यातला लहान भाग आहे. गाडी कारखान्यातून आणि बॉडीच्या घरातून निघाली तेव्हा जशी होती तशी आहे का, हा मोठा प्रश्न. तुमच्या १९३३च्या गाडीत फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले की गुण गेले, कारण तसे स्क्रू मोटारीत आले तेच १९३६च्या सुमारास. तिच्यात सरळ खाचेचेच हवेत. चामड्याऐवजी रेक्झिन, चकाकत्या कणांचा आधुनिक रंग, रेडिअल टायर, या सगळ्याचे गुण जातात. अति झालेली दुरुस्तीही खटकते. मूळ कारागिराने कधी दिली नसती अशी आरशासारखी झिलई दिली, तर तेही चूकच.

म्हणूनच आता मोठ्या स्पर्धांत न उघडलेल्या, न रंगवलेल्या गाड्यांचा निराळा वर्ग असतो. तिथे भेगाळलेलं मूळ चामडं नव्या चामड्यापेक्षा मोलाचं ठरतं. मला स्वतःला हा वर्ग सर्वांत जवळचा वाटतो. कारागिराच्या हाताच्या खुणा तिथेच वाचायला मिळतात, आणि आपल्याकडे रंगाची घाई करून त्या पुसून टाकण्याची सवय फार आहे. तुमच्या गाडीचं मूळ अस्तर अजून शाबूत असेल, तर बाकी काहीही करा, पण ते फाडू नका.

तेव्हा जाहिरातीतला ‘कॉन्कूर दर्जा’ हा दाखला नसतो. कोणत्या स्पर्धेत, कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात ही गाडी उभी होती, परीक्षकांची गुणपत्रिका आहे का, हे विचारा. उत्तर ‘उभी करण्यासारखी आहे’ असं आलं, तर त्याचा अर्थ रंग ताजा आहे एवढाच.

सध्या फोन करून तीनच गोष्टींचे फोटो मागवा: बल्कहेडवरची पाटी, दाराचा उंबरा, आणि गाडीखालून सांगाडा. बॉडी बदलताना सांगाड्याला पाडलेली जादा भोकं खालूनच दिसतात. चासीचा क्रमांक हाती आला की इंग्लंडला पत्र मी लिहितो. तिकडचं उत्तर येईपर्यंत बयाणा देऊ नका.

आपला,
क्लबातला एक जुना सभासद